घटक ६ : व्यावसायिक प्रस्तावपत्र – दिवाळीच्या भेटपेट्या आणि त्यांचे संख्येनुसार दर

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला घाऊक भेटपेट्यांचे प्रस्तावपत्र लिहिता येईल, त्यातील दरांचे स्तर खर्चाच्या आधारे ठरवता येतील आणि ते निःसंदिग्ध भाषेत मांडता येतील.

६.२ प्रास्ताविक

मागील घटकात आपण चौकशीपत्र व मागणीपत्र पाहिले. चौकशीपत्राला दिलेले उत्तर म्हणजे दरपत्रक. प्रस्तावपत्र मात्र कोणी विचारलेले नसताना विक्रेता स्वतःहून पाठवतो. त्यामुळे वाचणाऱ्याच्या मनात येणारे प्रश्न आधीच ओळखून त्यांची उत्तरे पत्रातच द्यावी लागतात. पेटीत काय आहे, किती पेट्यांना काय दर पडेल, माल केव्हा मिळेल आणि पैसे केव्हा द्यायचे, हे ते चार प्रश्न होत.

उदाहरणासाठी आपण बीड जिल्ह्यातील नारायणगड घेऊ. 'धाकटी पंढरी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या क्षेत्राच्या परिसरातील एक महिला स्वयंसहाय्यता गट दिवाळीचा फराळ तयार करतो, अशी कल्पना करा. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीला कामगारांसाठी भेटपेट्या पुरवण्याचा प्रस्ताव गटाला पाठवायचा आहे. पुढील गट आणि आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.

६.३ दरांचे स्तर कसे ठरवावेत?

अधिक पेट्या घेणाऱ्याला कमी दर द्यावा, ही रीत सर्वांना ठाऊक असते. तो दर किती कमी करता येतो, हे मात्र पत्र लिहिण्यापूर्वी कागदावर मांडून पाहावे लागते.

गटाच्या मधल्या प्रकारच्या पेटीचा खर्च पाहू. कच्च्या मालाचे १९० रुपये, मजुरीचे ६० रुपये आणि खोका व वेष्टनाचे ४५ रुपये, असे प्रत्येक पेटीमागे २९५ रुपये लागतात. याशिवाय वाळूजपर्यंतच्या टेम्पोचे ६,००० रुपये आणि छपाईचे २,००० रुपये हा ८,००० रुपयांचा खर्च एका मागणीला एकदाच येतो. पेट्या शंभर असल्या तर या खर्चाचे पेटीमागे ८० रुपये पडतात, अडीचशे असल्या तर ३२ आणि पाचशे असल्या तर १६. पाचशे खोके एकदम घेतल्यास खोका ५ रुपयांनी स्वस्त मिळतो. म्हणून एका पेटीचा एकूण खर्च अनुक्रमे ३७५, ३२७ आणि ३०६ रुपये होतो.

आता समजा, गटाने शंभर पेट्यांसाठी ४३० रुपये दर ठरवला आणि पाचशे पेट्यांना सरसकट तीस टक्के सूट जाहीर केली. दर ३०१ रुपये होईल. खर्च ३०६ रुपये असल्याने प्रत्येक पेटीमागे ५ रुपये, म्हणजे पाचशे पेट्यांमागे २,५०० रुपये पदरचे जातील. मोठी मागणी मिळाल्याचा आनंद होईल, पण पैसे कापले जातील ते महिलांच्या मजुरीतून. म्हणून कोणताही स्तर त्यातील सर्वांत लहान संख्येवर तपासावा. तेथे दर खर्चापेक्षा पुरेसा वर असेल, तर त्याच स्तरातील मोठ्या संख्येला तोटा होत नाही.

दुसरी अडचण स्तरांच्या सीमेवर येते. गटाने १०० ते २४९ पेट्यांना ४३० आणि २५० ते ४९९ पेट्यांना ३९० रुपये दर ठेवला, तर २४९ पेट्यांचे १,०७,०७० रुपये होतात आणि २५० पेट्यांचे ९७,५०० रुपयेच होतात. म्हणजे २२७ किंवा अधिक पेट्या हव्या असणारा ग्राहक २५० पेट्याच मागवेल. २५० पेट्यांनाही पेटीमागे ६३ रुपये उरत असल्याने येथे गटाचे नुकसान नाही. मात्र जादा पेट्या करण्याची तयारी हवी.

६.४ पत्राची भाषा

दरतक्त्यात '१०० ते २५०' आणि '२५० ते ५००' असे लिहिले, तर २५० पेट्यांचा दर कोणता, यावर वाद होतो. 'शंभरच्या वर' या शब्दांत शंभर ही संख्या धरली आहे की नाही, तेही कळत नाही. म्हणून '१०० ते २४९', 'पासून' व 'पर्यंत' अशी दोन्ही टोके स्पष्ट करणारी रचना वापरावी. 'वेळेवर पोहोचवू' याऐवजी तारीख लिहावी.

आपली मर्यादाही पत्रात सांगावी. बीड जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात. नेमक्या त्याच दिवसांत गटाचे हात कमी होतात. त्यामुळे कमाल संख्या आणि मागणी नोंदवण्याची अंतिम तारीख लिहिणे आवश्यक ठरते. तसेच बीडचे सीताफळ प्रसिद्ध असले, तरी पिकल्यावर ते फार टिकत नाही. त्याचा मोह टाळून टिकाऊ पदार्थच पेटीत द्यावेत.

६.५ नमुना पत्र

दि. २४ ऑगस्ट २०२६

प्रेषक : अध्यक्ष, महिला स्वयंसहाय्यता गट, नारायणगड, जि. बीड

प्रति,
मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग,
(कंपनीचे नाव), वाळूज, छत्रपती संभाजीनगर

विषय : दिवाळीनिमित्त कर्मचाऱ्यांसाठी फराळाच्या भेटपेट्या पुरवण्याचा प्रस्ताव.

महोदय,

सप्रेम नमस्कार. या वर्षी लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबर रोजी आहे. आपल्या कर्मचाऱ्यांना भेट देण्यासाठी आम्ही तीन प्रकारच्या पेट्या सादर करीत आहोत.

प्रकार अ : चिवडा २५० ग्रॅम, शंकरपाळी २५० ग्रॅम.
प्रकार ब : 'अ'मधील पदार्थ, सहा बेसन लाडू, शेंगदाणा व जवस चटणी प्रत्येकी १०० ग्रॅम.
प्रकार क : 'ब'मधील सर्व पदार्थ, चार पणत्या व कापडी पिशवी.

प्रति पेटी दर (रुपये) :

| पेट्यांची संख्या | अ | ब | क |
|---|---|---|---|
| १०० ते २४९ | २७० | ४३० | ५६० |
| २५० ते ४९९ | २४५ | ३९० | ५१५ |
| ५०० ते ६०० | २३० | ३७० | ४९० |

दर आपल्या आवारात पोहोच धरून आहेत. स्तर ठरवताना एकाच प्रकारच्या पेट्यांची संख्या धरली जाईल आणि त्या स्तराचा दर त्या प्रकारच्या सर्व पेट्यांना लागू होईल. आमचा गट वस्तू व सेवा करासाठी नोंदणीकृत नसल्याने दरात हा कर आकारलेला नाही. सर्व प्रकार मिळून ६०० पेक्षा अधिक पेट्या या वर्षी देता येणार नाहीत.

हे दर ३० सप्टेंबरपर्यंत लागू राहतील. मागणी त्याच तारखेपर्यंत कळवावी. मागणीसोबत निम्मी रक्कम आणि माल मिळाल्यापासून १५ दिवसांत उर्वरित रक्कम द्यावी, ही विनंती. पेट्या २ नोव्हेंबरपर्यंत पोहोचवू. प्रत्येक पाकिटावर घटक, वजन, किंमत, तयार केल्याची व वापरण्याची अंतिम तारीख आणि अन्नसुरक्षा नोंदणी क्रमांक छापलेला असेल. वाहतुकीत फुटलेल्या पेट्या दोन दिवसांत कळवल्यास बदलून देऊ.

प्रकार 'ब'ची एक नमुना पेटी सोबत पाठवीत आहोत. कळावे.

आपली विश्वासू,
(स्वाक्षरी)
अध्यक्ष

सोबत : १) नमुना पेटी २) अन्नसुरक्षा नोंदणी प्रमाणपत्राची प्रत

६.६ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. कंपनीने ३०० 'अ' आणि २०० 'ब' पेट्या मागवल्या. नमुना पत्रानुसार एकूण रक्कम काढा.
२. टेम्पोचे भाडे ६,००० ऐवजी ९,००० रुपये झाले, तर प्रकार 'ब'च्या २५० पेट्यांवर पेटीमागे किती रुपये उरतील?
३. 'पुरेशा पेट्या घेतल्यास योग्य सवलत दिली जाईल' हे वाक्य निःसंदिग्ध करून लिहा.

उत्तरे : १) १,५९,५०० रुपये ('अ'चे ७३,५०० व 'ब'चे ८६,०००). २) ५१ रुपये. ३) संख्येची दोन्ही टोके आणि दर रुपयांत लिहिल्याची खात्री करा.