दहा किलोमीटर कोणाला?

पहाटे ५:४०. ऑरिकच्या रुंद रस्त्यावर दिवे चालू आहेत, वाहनं नाहीत. जालना रोडवर मात्र पहिल्या शिफ्टच्या बसेस सुरू झाल्या आहेत. रविवारी आमच्या ऑफिसचे सहा जण मिळून एक मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, पळणार आहेत. आज गुरुवार. पाच किलोमीटरची चाचणी द्यायची राहिलेले दोघे आलेत: डिस्पॅचचे काका आणि मेंटेनन्समधला एक जण. अडीच किलोमीटरवर कोन ठेवलाय, तिथून वळून परत यायचं.

काका ३३ मिनिटांत आले, शेवटपर्यंत एकाच चालीने. मेंटेनन्सवाला घामाघूम होऊन आला आणि मोबाइल पुढे केला. "पंचवीस दहा, बघा." माझ्या घड्याळात २७:३० होते. मध्ये कुत्री आडवी आली म्हणून तो थांबला होता, आणि ॲपने थांबलेला वेळ गुपचूप वगळला. ॲप दोन वेळा दाखवतं, एक पायांची आणि एक घड्याळाची. रिलेत घड्याळ कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे मी दुसरी लिहिली. तो थोडा नाराज झाला. रविवारीही कुत्री असणारच.

सकाळी ८:४५. कँटीन, पोहे, चहा. इथे आमच्या प्लँट हेडनी त्यांचं मत मांडलं: "सरळ सात-सात किलोमीटर द्या सगळ्यांना. कुणाची तक्रार नको."

मी प्रॉडक्शन प्लॅनिंगमध्ये आहे, त्यामुळे हा विचार कुठून येतो ते मला कळतं. लाइनवर आपण प्रत्येक स्टेशनला सारखं काम वाटतो, कारण सगळी स्टेशनं एकाच वेळी चालतात आणि सगळ्यात हळू स्टेशन पूर्ण लाइनचा वेग ठरवतं. रिलेत एका वेळी एकच माणूस काम करतो. कुणी कुणाला अडवत नाही, फक्त सहा वेळांची बेरीज होते. बेरीज कमी करायची तर हळू माणसाकडचे किलोमीटर काढून वेगवान माणसाकडे द्यायचे. टूलरूमचा पोरगा किलोमीटरला साडेचार मिनिटं घेतो, अकाउंट्सच्या मॅडम जवळपास सव्वासात. एक किलोमीटर इकडून तिकडे सरकवला की पावणेतीन मिनिटांच्या आसपास वाचतात.

"मग सगळं त्यालाच द्या," सर म्हणाले. हसण्यावारी नेलं, पण प्रश्न बरोबर होता. किती द्यायचं?

सकाळी ११. मशीन बंद पडल्याचा फोन नाही, तेवढ्यात एक्सेल उघडली. वाटणी आम्ही जपानी एकिदेनची घेतली आहे. त्या देशात १९१७ साली क्योतो ते टोकियो अशी पहिली मोठी रस्त्यावरची रिले झाली. पुढे मॅरेथॉनच्या अंतराची रिले सहा टप्प्यांत बसवली गेली: ५, १०, ५, १०, ५ आणि शेवटी ७.१९५. आम्हाला ती सोयीची, कारण पाच किलोमीटरच्या फेरीत सगळे बदल एकाच जागी होतात. पाण्याचं टेबल एक, वेळ घेणारा एक. शेवटच्या टप्प्यात एक फेरी झाल्यावर २.१९५ उरतात, त्यासाठी १,०९७.५ मीटरवर दुसरा कोन. सर्व्हे चाकाने मोजून खूणही केली.

म्हणजे मोठे टप्पे तीनच, आणि तिथेच अंदाज करावा लागतो. बाकी तिघे चाचणीत पळाले तेवढंच रविवारी पळणार. अंतर वाढलं की चाल मंदावते. किती, ते पीट रीगल या अमेरिकन अभियंत्याने १९७७ साली एका साध्या सूत्रात मांडलं. पाचवरून दहाचा अंदाज असा:

```
=B2*(10/5)^1.06
```

म्हणजे अंतर दुप्पट, वेळ २.०८५ पट. टूलरूमच्या २२:३० चे दहाला ४६:५५ होतात. क्वालिटीच्या मॅडमच्या २६ मिनिटांचे ५४:१२. मेंटेनन्सच्या २७:३० चे ७.१९५ ला ४०:२७. हे सूत्र त्या अंतराची सवय असलेल्यांसाठी आहे. ज्याने आयुष्यात पाचच्या वर पाऊल टाकलं नाही, त्याला सातव्या किलोमीटरला चालावं लागतं आणि एक्सेलला ते कळत नाही. म्हणून काका, अकाउंट्सच्या मॅडम आणि एचआरवाले पाचवर, हा निर्णय वेगाइतकाच खात्रीचा आहे.

सरांची सात-सातची वाटणीही त्याच शीटमध्ये टाकून पाहिली. ४ तास १२ मिनिटं ४० सेकंद. आमची ४ तास १ मिनिट ३४ सेकंद. अकरा मिनिटांचा फरक, आणि सातला तिघांचं चालणं धरलेलंच नाही. स्क्रीनशॉट पाठवला. उत्तरात अंगठा आला.

दुपारी १:३०. जेवताना क्वालिटीच्या मॅडमनी विचारलं, "मला दहाच का? मेंटेनन्सवाल्याला दहा आणि मला सात दिलं तर?" तेही करून पाहिलं: अदलाबदल केली तर ५५ सेकंद जास्त लागतात. एवढ्या फरकाला सूत्राचं ऐकण्यात अर्थ नाही, माणसांचं ऐकावं. मेंटेनन्सवाल्याची शनिवारी तिसरी पाळी आहे, सकाळी साडेसहाला सुटणार. रात्र जागलेल्या माणसाला दहा नको. मॅडम म्हणाल्या, "मग मी दहा घेते, पण उन्हात नको." मिळाला त्यांना दुसरा टप्पा.

अकाउंट्सच्या मॅडम शहरातून येणार आणि अंधारात पळणार नाहीत, म्हणून तिसरा. काकांना पहाटे चारला जाग येते, म्हणून पहिला. क्रम असाच लागत गेला. फेब्रुवारीत साडेआठनंतर ऊन लागायला लागतं, म्हणून एचआरवाल्यांच्या ३१ चे ३२ धरले आणि शेवटच्या टप्प्याला ४०:२७ ऐवजी ४३. बाकी वेळा मिनिटापर्यंत वर नेल्या, क्वालिटीच्या मॅडमना ५५. प्रत्येक बदलाला २० सेकंद. ४ तास ७ मिनिटं ४० सेकंद.

संध्याकाळी ५:१५. ग्रुपवर कागद गेला:

५:३० काका, ५ किमी, ३३ मिनिटं
६:०३ क्वालिटी, १० किमी, ५५
६:५८ अकाउंट्स, ५ किमी, ३६
७:३५ टूलरूम, १० किमी, ४७
८:२२ एचआर, ५ किमी, ३२
८:५४ मेंटेनन्स, ७.१९५ किमी, ४३
९:३७ शेवट

पहिलाच मेसेज काकांचा. "मी तीसमध्ये आलो तर?" काका चेष्टा करत नव्हते. तीन मिनिटं लवकर आले आणि पुढच्या मॅडम टेबलापाशी बुटाची लेस बांधत असल्या, तर कमावलेलं तिथेच जातं. आणि चुका साठतात. सहाव्या माणसापर्यंत कागद पाच-सात मिनिटं पुढेमागे सहज होईल. त्यामुळे कागदावरची वेळ फक्त घरून निघायला. पळायला उभं राहायचं ते कोनावरच्या माणसाच्या फोनवर. धावणारा शेवटच्या फेरीत अडीचला वळला की तो फोन करणार, पुढच्याने तेव्हा वॉर्मअप सुरू करायचा. काकांच्या बाबतीत हाताशी पंधरा-सोळा मिनिटं राहतात, टूलरूमच्या पोराच्या बाबतीत जेमतेम बारा. तेवढ्यासाठी एचआरवाल्यांना आठलाच बोलावलं.

रात्री ७:३०. सेफ्टीवाल्यांकडून चकाकणारा क्रॉस-बेल्ट आणला. एकिदेनमध्ये काठीऐवजी खांद्यावरून तिरका पट्टा देतात, त्याला तासुकी म्हणतात. आमचा बेल्ट काकांना पहाटेच्या अंधारात दिसायलाही कामाचा. एकच अडचण निघाली: बकल. टूलरूमच्या पोराने आणि मी ऑफिसच्या पॅसेजमध्ये अदलाबदल करून पाहिली. बकल उघडून पुन्हा लावायला पस्तीस सेकंद, बेल्ट सैल करून डोक्यावरून काढला तर आठ. पट्टा एका मापाला शिवून टाकायचा ठरलं. माप काकांचं घेतलं, सगळ्यांत रुंद तेच आहेत.