पन्नाशीनंतर मोडीचे प्रमाणपत्र : एक हिशेब

२०२३ च्या सप्टेंबरात न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तेव्हापासून धाराशिवात माझ्याकडेही लोक जुने कागद घेऊन येऊ लागले. मोडी मी पुस्तकांवरून शिकलेलो. वाचून देत असे, पण अनेकांना प्रमाणपत्रधारक वाचकाची सही हवी असे. सोलापुरात एक वर्ग होता : दहा रविवार, शुल्क ६,००० रुपये. माझे वय त्रेपन्न. पैसे भरण्याआधी मी वर्षभराची वही उघडली.

हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे सरकारी दप्तर बरेचसे उर्दूत, तर गावकामाचे आणि घरगुती कागद मोडीत. माझ्याकडे आलेल्या चाळीस जणांपैकी सतरा जणांचे कागद उर्दू-फारसीतले निघाले. तिथे मोडीचे प्रमाणपत्र निरुपयोगी. बारा जणांचे कागद देवनागरीतले, अकरा जणांचे मोडीतले. त्या अकरांतही सही फक्त पाच जणांना हवी होती. त्यांचे बंद मिळून तीस. बंदाला २०० रुपये धरले तर वर्षाला ६,०००.

खर्च मात्र शुल्कापुरता नव्हता. एसटी आणि जेवण धरून दर रविवारी ४००, म्हणजे एकूण १०,०००. वसुलीला वीस महिने लागणार. लोकांची वर्दळ निम्मी झाली तर तीन वर्षांहून अधिक. शिवाय एका बंदाला दोन तास लागतात, म्हणजे तासाला शंभर रुपये. केवळ पैशाच्या हिशेबाने हा सौदा बेताचाच.

मग मी दुसरी परीक्षा घेतली. देवनागरी लिप्यंतर छापलेले एक मोडी पत्र घेतले, लिप्यंतर झाकून वाचले आणि ताडून पाहिले. शंभर शब्दांत सात चुका. अक्षरे ओळखण्यात तीनच, उरलेल्या चार आकडे आणि सनांच्या. त्याचा फटका मी आधीच दिला होता. एका कागदावर नुसते ‘सन १३१०’ होते. मी ते हिजरी धरून १८९२-९३ सांगितले. ते निजामी फसली होते, म्हणजे १९००-०१. आठ वर्षांच्या फरकाने त्या गृहस्थांची वंशावळ जुळेना आणि त्यांची एक खेप वाया गेली.

म्हणून वर्गाला मी एकच विचारले : मूळ कागदांवर आणि कालगणनेवर किती रविवार? चार, असे उत्तर आले. नुसती बाराखडी आणि स्वच्छ उतारेच असते, तर मी पैसे भरले नसते. नाव घातले ते त्या चार रविवारांसाठी. सहीचे पैसे सुटतील तेव्हा सुटतील. चुकीचा सन सांगून कुणाला परत पाठवायचे नव्हते.

ज्यांना हा विचार करायचा आहे त्यांनी आधी आपल्या दारी आलेले कागद लिपीवार मोजावेत, मग आपल्या चुका मोजाव्यात. शुल्काचा आकडा शेवटी पाहावा.