‘च’ आणि ‘ही’ : कुठे बसतात, काय वगळतात, काय मिळवतात

आज आपण मराठीतल्या दोन अगदी छोट्या शब्दांकडे बघणार आहोत. एक ‘च’ आणि दुसरा ‘ही’. शाळेच्या व्याकरणात यांना शुद्ध शब्दयोगी अव्यये म्हणतात. ज्या शब्दाला ती लागतात, त्याचं सामान्यरूप होत नाही, आणि विभक्ती असलीच तर ती आधी लागून मग ही येतात. म्हणून ‘नागपुरातच’, ‘नागपूरलाही’. लिहिताना ती मागच्या शब्दाला जोडूनच लिहायची. ‘मुलगी ही’ असं तोडून लिहिलं, की वाचणारा ‘ही’ला सर्वनाम समजतो.

पण आपला आजचा मुद्दा वेगळा आहे. वाक्यातले बाकीचे शब्द तसेच ठेवून ‘च’ एका शब्दावरून उचलून दुसऱ्यावर ठेवला, तर वाक्य खरं ठरण्याची अटच बदलते. ती कशी, हे आपल्या गावाच्याच उदाहरणावरून पाहू.

28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारात असं ठरलं, की राज्याच्या विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात व्हावं. पुढे ते हिवाळी अधिवेशन म्हणून रुळलं. आता तीन वाक्यं घेऊ.

पहिलं : हिवाळी अधिवेशन नागपुरातच भरतं.
दुसरं : हिवाळी अधिवेशनच नागपुरात भरतं.
तिसरं : हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतंच.

पहिल्या वाक्यात ‘च’ ठिकाणावर आहे, म्हणून इथे बाकीची ठिकाणं वगळली जातात. मुंबई नाही, पुणे नाही. हे वाक्य खोटं पाडायचं तर एखादं हिवाळी अधिवेशन दुसरीकडे भरल्याचं दाखवावं लागेल. ते दाखवता येतं. 2018, 2020 आणि 2021 या वर्षांत हिवाळी अधिवेशन मुंबईत झालं. यांपैकी शेवटची दोन वर्षं कोरोनाची.

दुसऱ्या वाक्यात ‘च’ अधिवेशनाच्या प्रकारावर आहे. इथे ठिकाणांशी भांडण नाही, बाकीच्या अधिवेशनांशी आहे. मुंबईचा दाखला इथे कामाचा नाही. हिवाळी अधिवेशन एखाद्या वर्षी मुंबईला गेलं, तरी या वाक्याला धक्का लागत नाही. त्याला दुसरा दाखला पाहिजे : नागपुरात भरलेलं, पण हिवाळी नसलेलं अधिवेशन. तोही आहे. 2018 च्या जुलैमध्ये पावसाळी अधिवेशन इथे भरलं होतं.

तिसऱ्यात ‘च’ क्रियापदावर बसला. आता वगळली जाते ती ‘न भरण्याची’ शक्यता. हे आणि पहिलं वाक्य ऐकायला जवळचं वाटतं, पण फरक बघा. समजा, एखाद्या वर्षी हिवाळी अधिवेशन कुठेच भरलं नाही. पहिलं वाक्य तरीही टिकतं, कारण ते एवढंच म्हणतं की भरलं तर इथे, दुसरीकडे नाही. तिसरं मात्र त्याच वर्षी पडतं. पहिल्यात जागेची मर्यादा आहे, तिसऱ्यात घडण्याची हमी आहे.

आता करारातलं वचन या वाक्यांशी ताडून बघा. करारात ‘हिवाळी’ असा शब्दच नाही, ‘निदान एक’ आहे. मराठीत हे आपण ‘एक तरी’ असं म्हणू. ‘एकच’ म्हटलं असतं, तर ती वरची मर्यादा झाली असती : दुसरं नको. ‘एक तरी’ ही खालची मर्यादा आहे : याहून कमी नको. म्हणून 2018 मध्ये हिवाळी अधिवेशन मुंबईला गेलं, तरी पावसाळी इथे झाल्यामुळे वचन पाळलं गेलं. जो माणूस ‘हिवाळी नागपुरातच’ हेच वचन समजत होता, त्याला ते मोडलं असं वाटलं असेल. भांडण नेमकं कशाचं, हे ‘च’ची जागा पाहिल्याशिवाय कळत नाही.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न नवा नाही. सातव्या शतकातल्या धर्मकीर्तीने संस्कृत ‘एव’चं हेच विश्लेषण केलं. ‘एव’ विशेष्याला लागला, म्हणजे ‘पार्थच धनुर्धर’, तर पार्थाखेरीज इतरांचा संबंध वगळला जातो. याला अन्ययोगव्यवच्छेद म्हणतात. विशेषणाला लागला, म्हणजे ‘चैत्र धनुर्धरच’, तर धनुर्धर नसण्याची शक्यता वगळली जाते. हा अयोगव्यवच्छेद. आणि क्रियापदाला लागला, म्हणजे कमळ निळं असण्याविषयी बोलायचं असेल, तर ‘कधीच निळं नसतं’ एवढाच दावा वगळला जातो. हा अत्यंतायोगव्यवच्छेद. पहिल्या दोन ठिकाणी आपला ‘च’ बराचसा ‘एव’सारखा चालतो. तिसऱ्या ठिकाणी वाटा वेगळ्या होतात. मराठीत ‘कमळ निळं असतंच’ म्हटलं, तर ऐकणाऱ्याला वाटेल, प्रत्येक कमळ निळं असतं. जे सांगायचंय, ते मराठीत ‘ही’ने सांगावं लागतं : ‘कमळ निळंही असतं.’

इथे ‘ही’चा स्वभाव कळतो. ‘च’ वगळतो, ‘ही’ मिळवतो. पण काय मिळवतो, हे पुन्हा जागेवर अवलंबून. ‘पावसाळी अधिवेशनही नागपुरात भरलं’ म्हणजे हिवाळी तर भरतंच, शिवाय हे. ‘पावसाळी अधिवेशन नागपुरातही भरलं’ म्हणजे एरवी ते मुंबईत भरतं, एकदा इथेसुद्धा. पहिल्यात अधिवेशनांची यादी वाढली, दुसऱ्यात ठिकाणांची. आपल्याकडे वऱ्हाडीत ‘ही’च्या जागी ‘बी’ ऐकू येतो, ‘मी बी येतो’. शब्द वेगळा, पण बसण्याची रीत तीच.

आता मर्यादाही पाहू. प्रत्येक ‘च’ काही वगळतोच असं नाही. ‘मे महिन्यात नागपुरात खूपच ऊन असतं’ यात कोणी वगळलं जात नाही, फक्त प्रमाण चढतं. संख्येला लागला की उलट, ‘दोनच’ म्हटलं की कमी वाटतं. ‘ही’ मात्र संख्येत पार मुरून गेला : ‘दोन्ही’, ‘तिन्ही’ यांत तो आपल्याला दिसतही नाही. आणि निघता निघता आपण ‘आलोच’ म्हणतो, तेव्हा माणूस अजून गेलेलासुद्धा नसतो.

दुसरी अडचण शब्दसमूहाची. ‘नागपूरचीच संत्री आणा’ यात ‘च’ गावावर आहे, दुसरीकडची नकोत. ‘नागपूरची संत्रीच आणा’ यात मात्र ‘च’ शेवटी आल्यामुळे तो नुसत्या ‘संत्री’वर आहे की सगळ्या ‘नागपूरची संत्री’वर, हे वाक्यावरून ठरत नाही. बोलताना आवाजाचा जोर ते सांगतो, कागदावर तो जोर नसतो.

अशा वेळी एक साधी कसोटी लावायची. ‘च’ दिसला की विचारायचं, ‘कशाऐवजी?’ ‘ही’ दिसला की विचारायचं, ‘आणखी काय?’ उत्तर एकच आलं, तर वाक्य ठीक. दोन आली, तर ‘च’ उचलून नेमक्या शब्दाला लावायचा, किंवा जे वगळायचंय ते सरळ लिहून टाकायचं : ‘संत्रीच आणा, मोसंबी नको.’ नोटिशीत, करारात, ठरावात तर हे करावंच लागतं. ‘सभासदांनाच मत देता येईल’ आणि ‘सभासदांना मत देता येईलच’ या दोन वाक्यांपैकी पहिलं बाहेरच्यांना थांबवतं, पण एखाद्या सभासदाला मत नाकारलं तर ते त्याच्या मदतीला येत नाही. त्याच्या मदतीला येतं ते दुसरं.