लिमिट्स उलट्या लागल्या, गुण गेले: सरांना ई-मेल काय लिहावा?

पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, एम-टूच्या पेपरसाठी दुहेरी इंटिग्रलमधला ‘चेंज ऑफ ऑर्डर’ शिकवतात. त्यात गुण गेले तर ई-मेल लिहिण्याआधी आपली चूक नेमकी कोणत्या पायरीवर झाली, हे शोधायला हवं. समजा, कॉलेजच्या चाचणीत सहा गुणांना हे गणित आलं:

```
∫₀¹ ∫ₓ¹ e^(y²) dy dx
```

e^(y²) चं y मध्ये साध्या सूत्रानं इंटिग्रेशन होत नाही, म्हणून क्रम बदलावा लागतो. आधी आकृती काढायची. उभी पट्टी y = x पासून y = 1 पर्यंत जाते, म्हणून (0,0), (0,1) आणि (1,1) हा त्रिकोण मिळतो. आता त्यात आडवी पट्टी घ्या. ती डावीकडे x = 0 वर सुरू होते आणि उजवीकडे x = y वर संपते:

```
∫₀¹ ∫₀ʸ e^(y²) dx dy = ∫₀¹ y e^(y²) dy = (e − 1)/2
```

उत्तर साधारण 0.86 येतं. आतल्या लिमिट्स y पासून 0 अशा उलट्या लिहिल्या, तर तेच उत्तर ऋण होतं. ही चूक चटकन ओळखता येते. त्रिकोणाचं क्षेत्रफळ 1/2 आहे आणि त्यात e^(y²) ची किंमत 1 ते e यांच्या दरम्यान राहते. त्यामुळे उत्तर 0.5 आणि 1.36 यांच्यामध्येच असणार.

x च्या लिमिट्स y पासून 1 घेतल्या, तर मात्र चूक वेगळी आहे. तिथे त्रिकोणच दुसरा निवडला गेला. त्याचं उत्तर सुमारे 0.60 येतं, म्हणजे वरच्या अंदाजात तेही बसतं. ही चूक आकृतीशिवाय सापडत नाही, आणि तिच्यासाठी पायरीचे गुण मागण्यात फारसा अर्थ नाही.

चूक फक्त चिन्हाची असेल, तर ई-मेल असा लिहिता येईल:

‘आदरणीय सर, चाचणीतल्या दुहेरी इंटिग्रलच्या प्रश्नात मला सहापैकी दोन गुण मिळाले. आतल्या लिमिट्स मी 0 ते y ऐवजी y ते 0 लिहिल्या, म्हणून उत्तर ऋण आलं. ही चूक मला मान्य आहे. आकृती आणि x = y ही सीमा बरोबर आहे, पुढचं इंटिग्रेशनही त्याच लिमिट्सना धरून बरोबर केलं आहे. या पायऱ्यांचे गुण देता येतील का, हे कृपया पाहावं. उत्तरपत्रिकेच्या त्या पानाचा फोटो जोडला आहे.’

खाली नाव, रोल नंबर आणि डिव्हिजन लिहावं. लिमिट्सचे आणि अंतिम उत्तराचे गुण मागू नयेत, कारण ते योग्यच गेले आहेत. विद्यापीठाच्या पेपरबाबत मात्र सरांना ई-मेल करून उपयोग नाही. तिथे उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवून मुदतीत पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करावा लागतो.