तान्ह्या बाळाचा ताप आणि लघवीचा नमुना : घेण्याची रीत चुकली तर निदानही चुकते

सर्दी नाही, खोकला नाही, जुलाब नाहीत आणि तरीही बाळाचा ताप उतरत नाही, अशा वेळी मूत्रमार्गाच्या संसर्गाची शंका घेणे आवश्यक ठरते. तापाचे अन्य कारण न सापडलेल्या दोन वर्षांखालील शंभर बालकांपैकी साधारण सात जणांना हा संसर्ग असतो. मोठे मूल लघवी करताना जळजळ होते, असे सांगू शकते. तान्हे बाळ मात्र केवळ किरकिरते, दूध कमी पिते किंवा ओकते. लक्षणांवरून निदान होत नाही, त्यामुळे सारा भार लघवीच्या तपासणीवर येतो आणि ती तपासणी नमुना कसा घेतला यावर अवलंबून असते.

आठ महिन्यांच्या एका मुलीचे उदाहरण घेऊ. दोन दिवस १०२ अंश ताप, घसा व कान स्वच्छ. लघवीसाठी तिच्या जांघेत चिकटपट्टीची प्लास्टिकची पिशवी लावली जाते. पाऊण तासाने लघवी मिळते, कल्चरमध्ये जंतूही वाढतात. परंतु ते मूत्राशयातले की त्वचेवरचे आणि शौचाच्या जागेचे, हे सांगता येत नाही. समजा, शंभर तापकरी बाळांना अशी पिशवी लावली आणि संसर्ग नसलेल्या ९३ पैकी ३० जणांच्या नमुन्यात बाहेरचे जंतू मिसळले. मग ‘दूषित’ अहवाल ३७ होतील आणि खरे रुग्ण त्यांत सातच असतील. उरलेल्या तिसांना विनाकारण प्रतिजैविके मिळतील, काहींच्या मूत्रपिंडाच्या तपासण्याही होतील. पिशवीचा उपयोग एवढाच, की तिच्यातील लघवीच्या प्राथमिक तपासणीत काहीच दोष न आढळल्यास संसर्गाची शक्यता बरीच कमी होते. दोष आढळल्यास कल्चरसाठी दुसरा नमुना घ्यावाच लागतो.

तो नमुना मूत्रमार्गातून बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, घालून किंवा ओटीपोटातून सुईने घेतात. नळीतून येणारे पहिले काही थेंब टाकून द्यायचे असतात. बाळाची प्रकृती स्थिर असल्यास जागा स्वच्छ धुऊन, लघवीची धार सुरू होताच ती निर्जंतुक डबीत झेलण्याचा मार्गही आहे. त्यासाठी तासन्‌तास डबी धरून बसावे लागते, ही तक्रार रास्तच; मात्र ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने एक सोपी युक्ती दाखवली. थंड सलाईनमध्ये भिजवलेला गॉजचा बोळा ओटीपोटावर गोलाकार फिरवल्यावर ३१ टक्के बाळांनी पाच मिनिटांत लघवी केली. तसे न केलेल्यांमध्ये हे प्रमाण १२ टक्के होते.

नमुना घेतल्यावरही चूक होऊ शकते. उन्हाळ्यात टेबलावर दोन-तीन तास राहिलेल्या डबीत मोजके जंतूही झपाट्याने वाढतात. म्हणून ती तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचवावी, अन्यथा फ्रीजमध्ये ठेवावी. उलट प्रकारची चूक अधिक घातक असते. प्रतिजैविकाचा पहिला डोस आधी दिला आणि लघवी नंतर घेतली, तर कल्चरमध्ये काहीच उगवत नाही. संसर्ग असूनही अहवाल निर्दोष येतो. नायट्राइटच्या पट्टीवरही विसंबता येत नाही. जंतूंना नायट्राइट तयार करण्यास लघवी काही तास मूत्राशयात राहावी लागते आणि तान्ही बाळे वारंवार लघवी करतात. लघवीत पू-पेशी आणि कल्चरमध्ये एकाच जातीचे पुरेसे जंतू, या दोन्ही गोष्टी जुळल्या की निदान पक्के होते. तीन-चार जातींचे जंतू एकत्र उगवले, तर नमुना दूषित समजावा.

निदान हुकले तर ताप कधी औषधांनी तात्पुरता दबतो, पण संसर्ग मूत्रपिंडात राहतो आणि तेथे कायमचा व्रण राहू शकतो. उपचारास दोन दिवसांहून अधिक विलंब झाल्यास हा धोका वाढतो, असे अभ्यासांतून दिसले आहे. त्यामुळे बाळ आजारी दिसत असेल, तर योग्य नमुना घेऊन लगेच औषध सुरू करतात, अहवालाची वाट पाहत नाहीत. कल्चर आल्यावर जंतूनुसार औषध बदलता येते.

औषध किती दिवस द्यावे, यावर मतभेद आहेत. तापासह झालेल्या संसर्गात सात ते चौदा दिवसांचा कालावधी प्रचलित आहे. अमेरिकेतील २०२३ च्या चाचणीत पाचव्या दिवशी बऱ्या झालेल्या मुलांचे औषध थांबवले असता सुमारे चार टक्क्यांमध्ये उपचार अयशस्वी ठरले. दहा दिवस औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण एक टक्क्याहून कमी होते. इटलीतील लहान चाचणीत मात्र पाच दिवसांचा उपचार दहा दिवसांपेक्षा कमी पडला नाही. या दोन्ही चाचण्यांत दोन महिन्यांखालील बाळे नव्हती. इतक्या लहान बाळाला ताप आल्यास त्याला लगेच रुग्णालयात न्यावे लागते आणि अनेकदा शिरेतून उपचार करावे लागतात. आठ महिन्यांच्या त्या मुलीचा ताप औषध सुरू झाल्यापासून ४८ तासांत उतरला नाही, तर दिवस वाढवत बसण्याऐवजी कल्चरचा अहवाल पुन्हा पाहावा लागेल आणि मूत्रपिंडाची सोनोग्राफी करावी लागेल.