एका रात्रीत एक कोटी कमी

एका सूतगिरणीची गोष्ट समजा. १६ रिंगफ्रेम असलेला एक जुना विभाग, मूळ खर्च १० कोटी, आयुष्य २० वर्षे धरलेले, म्हणजे दरसाल ५० लाख घसारा. आठ वर्षे झाली, पुस्तकी किंमत उरली ६ कोटी. ३० सप्टेंबरला संचालक मंडळाने ठराव केला की हा विभाग विकायचा. त्याच संध्याकाळी यंत्रे थांबवली, चात्यांवरचे सूत उतरवले, शेड झाडून घेतली. आणि पुस्तकातली किंमत ५ कोटींवर आली. यंत्रात काही मोडले नव्हते, बाजारही कोसळला नव्हता. मग एक कोटी गेले कुठे?

गेले कुठेच नाहीत; ते आधीपासूनच नव्हते, पण तोवर ते मोजायची गरज पडली नव्हती. यंत्र चालू असते तेव्हा त्याच्या किमतीला दोन आधार असतात. एक म्हणजे आज विकले तर हातात काय येईल, दुसरा म्हणजे चालवत राहिलो तर पुढच्या वर्षांत किती कमावून देईल. यातला जो आकडा मोठा, त्याच्याशी पुस्तकी किंमत ताडून बघतात. या विभागाची पुढची कमाई आजच्या हिशेबाने ७ कोटींची होती, म्हणून ६ कोटींना धक्का लागला नाही. विकायचे ठरल्यावर मात्र ती कमाई दुसऱ्याची झाली. उरला फक्त विक्रीचा आधार.

बाजारात अशा यंत्रांना ५ कोटी २० लाख मिळतील असा मूल्यांककाचा अंदाज. त्यातून दलाली, वकील, जाहिरात असा २० लाखांचा खर्च वजा केला. हा फक्त विक्रीमुळेच होणारा खर्च धरायचा; कर्जावरचे व्याज आणि आयकर त्यात घालायचा नाही. उरले ५ कोटी. पुस्तकी किंमत आणि हा आकडा यांत जो लहान, तोच ताळेबंदात लिहायचा, आणि फरकाचा एक कोटी तोटा लगेच नफा-तोटा पत्रकात. मोठ्या कंपन्यांसाठी हा नियम इंड-एएस १०५ या मानकात आहे.

उलट बाजूने मात्र नियम तितका उदार नाही. गिरणीखालची जमीन कवडीमोलाने घेतलेली असेल आणि आज तिचे सोने झाले असेल, तरी ‘विक्रीसाठी’ म्हटल्याने तिची किंमत वाढवता येत नाही. नफा प्रत्यक्ष विक्री झाल्यावरच.

तोटा दाखवायचा म्हणून कंपन्या हा रकाना टाळत असतील, असे वाटेल. पण मोह उलटाही असतो, कारण या रकान्यात गेलेल्या मालमत्तेवरचा घसारा त्या दिवसापासून बंद होतो. आपल्या गिरणीचे सहा महिन्यांचे २५ लाख वाचले. ज्या यंत्राची किंमत मुळात कमी करावी लागणार नाही, ते इथे ढकलले की नफा आपोआप फुगतो. म्हणून अटी कडक आहेत. आहे त्या स्थितीत लगेच विकता आले पाहिजे. ‘हातातल्या ऑर्डरी संपल्या की बघू’ चालत नाही. गिऱ्हाईक शोधायला सुरुवात झालेली असावी, मागितलेली किंमत बाजाराला धरून असावी, आणि वर्षभरात सौदा होईल अशी दाट शक्यता असावी. ५ कोटींच्या मालाला ९ कोटी सांगून बसणारा विकायला बसलेला नाही. नुसते बंद करून कुलूप लावलेले यंत्रही इथे बसत नाही. आणि ठराव एप्रिलमध्ये झाला असेल, तर तो मार्चच्या ताळेबंदात ओढता येत नाही.

३१ मार्चला पुन्हा मोजतात. भाव सुधारून खर्च वजा जाता ५ कोटी २० लाख मिळणार असतील, तर २० लाख परत नफ्यात येतात. साडेसहा कोटी झाले तरी परत येतो तो आधी कापलेला एक कोटीच, त्यावर एक रुपयाही नाही.

आणि सौदा मोडला तर? २०१९च्या जानेवारीत टाटा स्टीलने आपल्या आग्नेय आशियातल्या व्यवसायाचा मोठा हिस्सा चीनच्या एचबीआयएस समूहाला विकायचा करार केला. चीनमधली सरकारी मंजुरी मिळाली नाही आणि ऑगस्टमध्ये तो बारगळला. मोठ्या सौद्यांना असे होते. विलंब आपल्या हाताबाहेरचा असेल आणि विकण्याचा निर्धार कायम असेल, तर वर्षाची मुदत ओलांडूनही मालमत्ता त्याच रकान्यात राहू शकते. पण निर्धारच सुटला, तर घड्याळ मागे फिरवावे लागते. आपल्या गिरणीने पुढच्या ३० सप्टेंबरला बेत रद्द केला असे धरा. यंत्रे कधी विक्रीला काढलीच नसती तर वर्षाचा घसारा जाऊन ५ कोटी ५० लाख उरले असते. चालवण्यातून मिळणारी रक्कम अजून त्याहून जास्त असेल, तर पुस्तकात साडेपाच कोटी लिहायचे. वर्षभर वाचवलेला घसारा असा परत वसूल होतो.

वार्षिक अहवाल हाती आला की ताळेबंदात ‘विक्रीसाठी धारण केलेल्या मालमत्ता’ ही ओळ शोधा, मग मागच्या वर्षीचा अहवाल काढा. तीच मालमत्ता दुसऱ्या वर्षीही तिथेच बसलेली दिसली, तर खालच्या टिपेत कारण काय दिले आहे ते वाचा. ‘बाजार मंद आहे’ एवढेच लिहिले असेल, तर मागितलेली किंमत उतरवली का, हा प्रश्न वार्षिक सभेत विचारण्याजोगा आहे.