वय सारखे, ताकद वेगळी

वार्धक्यातील दुर्बलता म्हणजे शरीराची राखीव ताकद घटणे. अशा व्यक्तीला साधा ताप किंवा छोटी शस्त्रक्रियाही अंथरुणाला खिळवू शकते. ही ताकद मोजण्यासाठी लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये अमेरिकेत पाच निकष मांडले: वर्षभरात नकळत साडेचार किलोंहून अधिक वजन घटणे, सततचा थकवा, हाताची कमी झालेली पकड, मंद चाल आणि अल्प हालचाल. तीन किंवा अधिक निकष लागू पडले तर व्यक्ती दुर्बल, एक-दोन असतील तर दुर्बलतेच्या उंबरठ्यावर मानली जाते.

समजा, 78 वर्षांच्या दोघांवर शस्त्रक्रिया करायची आहे. पहिल्याला सुमारे साडेचार मीटर चालायला 4 सेकंद लागतात आणि एकही निकष लागू होत नाही. दुसऱ्याला 8 सेकंद लागतात, पकड कमकुवत आहे, वजनही 6 किलोंनी उतरले आहे. जन्मतारीख दोघांना एकच धोका सांगते. प्रत्यक्षात गुंतागुंत, लांबलेला रुग्णालयवास आणि परावलंबन यांची शक्यता दुसऱ्याला बरीच जास्त असते, कारण चाल आणि पकड यांत स्नायू, हृदय, फुप्फुसे व मज्जासंस्था यांची एकत्रित स्थिती दिसते.

मात्र गुडघेदुखीनेही चाल मंदावते आणि ताज्या आजारपणात सगळेच निकष बिघडतात. म्हणून कारण तपासून, बरे झाल्यावर पुन्हा मोजावे लागते. दुर्बलता आढळली तरी शस्त्रक्रिया नाकारली जातेच असे नाही; आधी प्रथिनयुक्त आहार आणि स्नायूंच्या व्यायामाने ती काही अंशी कमी करता येते.